मोरचूद, पाणी आणि चुना : द्राव्य, द्रावक, द्रावण, मिश्रण आणि संयुग हे पाच शब्द अचूक वापरण्याची रीत

"मोरचुदाचे द्रावण हे मिश्रण आहे की संयुग?" असा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारला, की उत्तरे हमखास दोन गटांत विभागली जातात. मोरचूद हे संयुग आहे हे पाठ असल्याने काही मुले संयुग म्हणतात, तर पाणी मिसळले आहे म्हणून काही मुले मिश्रण म्हणतात. दुसरा गट बरोबर असतो, पण "मग द्रावण आणि मिश्रण यांत फरक काय?" असे विचारले की तोही थांबतो. हा गोंधळ अभ्यास न केल्यामुळे होत नाही. द्राव्य, द्रावक, द्रावण, मिश्रण आणि संयुग हे पाच शब्द पाठ्यपुस्तकात जवळजवळ येतात आणि त्यामुळे ते एकाच प्रकारचे, एकमेकांना वगळणारे शब्द आहेत असा समज होतो, तिथे त्याचे मूळ आहे.

वास्तविक हे पाच शब्द तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. "हा पदार्थ कशाचा बनलेला आहे?" या प्रश्नाचे एक उत्तर संयुग हे आहे. "पदार्थ एकत्र आले आहेत ते कशा प्रकारे?" या प्रश्नाचे उत्तर मिश्रण हे आहे आणि द्रावण हा त्या मिश्रणाचाच एक प्रकार आहे. "या द्रावणात कोणाचे काम काय?" याचे उत्तर द्राव्य आणि द्रावक हे शब्द देतात. एकाच मोरचुदाला म्हणूनच एकाच वेळी संयुगही म्हणता येते आणि द्राव्यही म्हणता येते. मोरचूद, पाणी आणि चुना या तीन वस्तू घेऊन क्रमाने पुढे गेले, तर पाचही शब्दांची गरज पडते आणि प्रत्येक शब्द कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे हाताने करून पाहता येते. तोच क्रम येथे दिला आहे.

आधी शब्दांची घडण

द्राव्य, द्रावक आणि द्रावण हे तिन्ही शब्द 'द्रु' या संस्कृत धातूपासून आले आहेत आणि वाहणे, पातळ होणे, विरघळणे या अर्थांशी तो धातू जोडलेला आहे. तिन्ही शब्दांचे शेपूट मात्र वेगळे आहे. गणितात ज्याला भागायचे तो भाज्य आणि ज्याने भागायचे तो भाजक, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अगदी त्याच रीतीने जे विरघळवायचे ते द्राव्य आणि जे विरघळवते ते द्रावक. 'य' हा प्रत्यय क्रिया ज्याच्यावर घडते ते दाखवतो आणि 'क' हा प्रत्यय क्रिया करणारा दाखवतो. बाराची संख्या एका उदाहरणात भाज्य आणि दुसऱ्यात भाजक असू शकते, त्याचप्रमाणे एकच पदार्थ एका द्रावणात द्राव्य आणि दुसऱ्यात द्रावक असू शकतो. ही नावे पदार्थाच्या जातीची नाहीत, त्या त्या द्रावणातल्या भूमिकेची आहेत.

द्रावण आणि मिश्रण या दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ण' आहे. मूळ अर्थ विरघळवण्याची आणि मिसळण्याची क्रिया असा असला, तरी शास्त्रीय मराठीत तो शब्द त्या क्रियेतून तयार होणाऱ्या वस्तूसाठी रूढ झाला आहे. संयुग हा शब्द यांच्या पंक्तीत बसत नाही. तो 'युज्' म्हणजे जोडणे या धातूवरून येतो; संयोग, संयुजा हे त्याचे जवळचे नातेवाईक. पदार्थ नुसते शेजारी येऊन बसले तर मिश्रण आणि अणू एकमेकांशी जोडले गेले तर संयुग, हा भेद शब्दांच्या घडणीतच आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी येथे खरोखर विचारपूर्वक काम केले आहे असे मला वाटते.

लिहिताना दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. द्रव, द्रव्य आणि द्राव्य हे तीन शब्द एका कान्याच्या किंवा जोडाक्षराच्या फरकाने बदलतात. द्रव ही अवस्था आहे, द्रव्य म्हणजे जागा व्यापणारी आणि वस्तुमान असणारी कोणतीही गोष्ट, आणि द्राव्य ही वर सांगितलेली भूमिका. "पाणी हे द्राव्य आहे" असे उत्तरपत्रिकेत लिहिले गेले, तर पुष्कळदा विद्यार्थ्याला द्रव म्हणायचे असते. दुसरी जागा द्रवण आणि द्रावण यांची. द्रवणांक म्हणजे घन पदार्थ ज्या तापमानाला वितळतो ते तापमान, आणि त्याचा द्रावणाशी संबंध नाही. बोलताना आपण "साखर पाण्यात वितळली" असे सहज म्हणतो, पण शास्त्रीय लेखनात ते चालत नाही. वितळायला एकच पदार्थ पुरेसा असतो आणि उष्णता लागते. विरघळायला दोन पदार्थ लागतात. मीठ सुमारे ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, पण पाण्यात ते खोलीच्या तापमानालाही विरघळते.

पहिली पायरी : हातातला स्फटिक संयुग आहे हे कसे ठरवावे

मोरचुदाचे निळे स्फटिक हातमोजे घालून हाताळावेत. ते विषारी असतात आणि डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून चव घेऊन ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचे रासायनिक नाव कॉपर सल्फेट आणि रेणुसूत्र CuSO4·5H2O असे आहे. शेवटच्या भागाला स्फटिकजल म्हणतात आणि येथेच पहिली शंका येते, की पाणी जर त्यात आहे, तर हे मोरचूद आणि पाणी यांचे मिश्रण का म्हणू नये?

ही शंका तराजूने सोडवता येते. कोरडे दिसणारे २.५० ग्रॅम स्फटिक बाष्पनपात्रात घेऊन मंद आचेवर तापवावेत. निळा रंग हळूहळू जाऊन पांढरी भुकटी उरते. वर धरलेल्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात. भुकटी पूर्ण पांढरी झाल्यावर पात्र थंड करून लगेच वजन करावे, कारण ही भुकटी हवेतली आर्द्रता ओढून घेते. वजन १.६० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे ०.९० ग्रॅम पाणी गेले, अर्थात सुमारे ३६ टक्के. पाच ग्रॅम स्फटिक घेतले तर १.८० ग्रॅम पाणी जाते आणि टक्केवारी तीच राहते. स्फटिक नाशिकच्या खतविक्रेत्याकडून आणा की प्रयोगशाळेच्या बाटलीतून घ्या, मोरचूद शुद्ध असेल तर हे प्रमाण बदलत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ प्राउस्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्याच कार्बोनेटवर काम करून हा मुद्दा मांडला होता, की संयुगातील घटकांचे वस्तुमानी प्रमाण ठरलेले असते, मग ते संयुग निसर्गात सापडलेले असो वा प्रयोगशाळेत बनवलेले असो. पाठ्यपुस्तकात आपण त्याला स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतो. स्फटिकजल हे ठरलेल्या प्रमाणातले आणि स्फटिकाच्या रचनेत बांधलेले पाणी आहे, म्हणून निळा स्फटिक हे संयुग ठरते.

या प्रयोगात चूक कुठे होते तेही पाहावे. वजनातली घट ३६ टक्क्यांपेक्षा जास्त आली, तर बहुधा स्फटिक ओलसर होते. पृष्ठभागावर चिकटलेल्या त्या जादा पाण्याचे प्रमाण मात्र दर वेळी वेगळे येईल, आणि तो ओलसर ढीग खरोखरच संयुग व पाणी यांचे मिश्रण असतो. घट कमी आली तर तापवणे अपुरे झाले आहे आणि भुकटीत कुठेतरी निळसर झाक दिसतेच. भुकटी काळी पडू लागली तर आच फार तीव्र होती. आता संयुगच मोडून तांब्याचे ऑक्साइड तयार होत आहे आणि घातक वायू बाहेर पडत आहे, तेव्हा तापवणे लगेच थांबवून खोली हवेशीर करावी.

दुसरी पायरी : विरघळवणे आणि भूमिका ठरवणे

आता १० ग्रॅम मोरचूद बारीक करून १०० ग्रॅम पाण्यात घालावे आणि काचेच्या कांडीने ढवळावे. थोड्या वेळाने एकसारखे निळे, पारदर्शक द्रावण मिळते. वरचा थेंब घ्या, तळचा घ्या, निळेपणा सारखाच असतो. सर्व भागांत संघटन सारखे असलेल्या अशा मिश्रणाला समांगी मिश्रण म्हणतात, आणि समांगी मिश्रण म्हणजेच द्रावण. येथे मोरचूद द्राव्य आहे, पाणी द्रावक आहे. द्रावक प्रमाणाने जास्त असतो, हा शाळेतला नियम येथे सरळ लागू पडतो.

या द्रावणाचे वस्तुमान ११० ग्रॅम आहे, हे वाक्य अगदी साधे वाटते, पण गणितातल्या बहुतेक चुका तिथेच होतात. वस्तुमानी टक्केवारी काढताना द्राव्याच्या वस्तुमानाला द्रावणाच्या वस्तुमानाने भागायचे असते. दहाला शंभराने भागून १० टक्के असे उत्तर लिहिणाऱ्याने द्रावण आणि द्रावक हे दोन शब्द एकच मानलेले असतात. बरोबर उत्तर १० भागिले ११०, म्हणजे सुमारे ९.१ टक्के असे आहे. खरोखर १० टक्क्यांचे द्रावण हवे असेल, तर १० ग्रॅम द्राव्यासाठी ९० ग्रॅमच द्रावक घ्यावा लागतो. द्रावक आणि द्रावण या शब्दांत शेवटच्या अक्षराचाच फरक आहे, पण त्या अक्षरामुळे छेद बदलतो.

थोडे अधिक खोलात गेले, तर येथे आणखी एक गोष्ट दिसते. दहा ग्रॅम स्फटिकांत ३.६ ग्रॅम स्फटिकजल होते. ते पाण्यात मिसळले की त्याला उरलेल्या पाण्यापासून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून काटेकोरपणे पाहिल्यास या द्रावणात ६.४ ग्रॅम कॉपर सल्फेट हे द्राव्य आहे आणि १०३.६ ग्रॅम पाणी हा द्रावक आहे. टक्केवारी सुमारे ५.८ इतकी येते. मोरचुदाची टक्केवारी ९.१ आणि निर्जल कॉपर सल्फेटची टक्केवारी ५.८ ही दोन्ही विधाने खरी आहेत, मात्र द्राव्य कोणते धरले ते आधी लिहिले पाहिजे. जे पाणी काल संयुगाचा घटक होते ते आज द्रावकाचा भाग झाले, इतकी ही नावे परिस्थितीवर अवलंबून असतात.

द्राव्य नेहमी घनच असते आणि द्रावक नेहमी द्रवच असतो असे मात्र समजू नये. सोडावॉटरमध्ये कार्बन डायऑक्साइड हा वायू द्राव्य असतो. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे घन द्रावण आहे. मराठी पाठ्यपुस्तकात धातूंच्या अशा मिश्रणाला संमिश्र म्हणतात आणि त्या नावातही 'मिश्र' आहेच.

तिसरी पायरी : द्रावणाची मर्यादा आणि घटक परत मिळवणे

त्याच निळ्या द्रावणात मोरचूद घालत राहिले, तर एक वेळ अशी येते की ढवळूनही तळाशी स्फटिक तसेच राहतात. खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २० अंशांना, १०० ग्रॅम पाण्यात ३२ ग्रॅमच्या आसपास मोरचूद विरघळते. त्यापुढचे द्रावण संपृक्त असते. येथे एक नेमके वाक्य लिहायची सवय लावावी. तळाशी राहिलेले स्फटिक हे त्या द्रावणाचे द्राव्य नव्हेत. विरघळलेला भाग तेवढाच द्राव्य आहे. तळाचा भाग हा द्रावणाबाहेरचा घन पदार्थ आहे. भांड्यातल्या सगळ्या ऐवजाला मिळून काही म्हणायचे असेल तर विषमांगी मिश्रण म्हणावे, कारण त्यात द्रावण आणि घन असे दोन निराळे भाग दिसतात.

पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की त्याच १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ६२ ग्रॅम मोरचूद सामावते. ते गरम असतानाच गाळून हळूहळू थंड होऊ दिले, तर २० अंशांपर्यंत येताना जवळजवळ ३० ग्रॅम स्फटिक खाली बसतात. त्यांत सुमारे ११ ग्रॅम पाणी पुन्हा स्फटिकजल म्हणून बांधले गेलेले असते. द्राव्य पुन्हा संयुगाच्या स्वतंत्र रूपात बाहेर आले. गाळणकागदावर गार द्रावण ओतून पाहिले तर निळे द्रावण आरपार जाते आणि कागदावर काही उरत नाही, पण पाणी मंदपणे उडू दिले तर मोरचूद परत मिळते. घटक भौतिक पद्धतीने परत मिळतात म्हणून द्रावण हे मिश्रण आहे. ते गाळून वेगळे होत नाहीत म्हणून ते समांगी मिश्रण, अर्थात द्रावण आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर या दोन वाक्यांत आहे, आणि उत्तरपत्रिकेतही ते कारणांसह असेच लिहावे.

एका सीमेवरच्या उदाहरणाचा उल्लेख करायला हवा. पांढरी निर्जल भुकटी पाण्यात टाकली तर भांडे गरम होते, रंग निळा होतो, आणि पाणी उडवल्यावर पांढरी भुकटी न मिळता निळे स्फटिक मिळतात. म्हणजे घातले एक आणि मिळाले दुसरे. विरघळणे हा भौतिक बदल असे शाळेत सांगतात, ते मिठासाठी आणि साखरेसाठी सोयीचे आहे, पण द्राव्याचे कण पाण्याच्या रेणूंशी जोडले जातात तिथे ही रेघ पुसट होते. तरीही तयार झालेल्या निळ्या पाण्याला द्रावणच म्हणायचे, कारण त्यात मोरचुदाचे प्रमाण आपण हवे तसे कमी-जास्त करू शकतो. संयुगाच्या बाबतीत ती मुभा नसते.

चौथी पायरी : चुना घातल्यावर काय होते

आतापर्यंत संयुग, द्रावण आणि मिश्रण हे शब्द एकेकटे वापरले. बोर्डो मिश्रणात ते सगळे एकत्र येतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षवेलींवर केवडा रोग पसरला असताना, रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना मारलेला होता आणि त्याच वेली रोगापासून वाचल्या होत्या, हे १८८२ मध्ये पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्याने १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्यात सुपारीवरच्या कोळे रोगासाठी हेच मिश्रण आजही फवारले जाते. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी असे प्रमाण घेतात.

वर्गात हे लहान प्रमाणात करावे. एका चंचुपात्रात १ ग्रॅम मोरचूद ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्यात विरवलेला चुना सुमारे १.३ ग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम कळीच्या चुन्याइतका, घेऊन ५० मिलिलिटर पाण्यात कालवावा. कळीचा चुना वर्गात विरवू नये, कारण पाण्याशी त्याची अभिक्रिया फार उष्णता देते आणि शिंतोडे उडतात. दोन्ही पात्रे काचेची किंवा प्लॅस्टिकची असावीत.

पहिल्या पात्रात द्रावण आहे यात शंका नाही. दुसऱ्या पात्राकडे मात्र नीट पाहावे. खोलीच्या तापमानाला विरवलेला चुना एक लिटर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो, म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये एक दशांश ग्रॅमही विरघळत नाही. उरलेला १.२ ग्रॅम चुना बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगतो आणि पात्र बाजूला ठेवले की खाली बसतो. या विषमांगी मिश्रणाला निलंबन म्हणतात. मराठीत यासाठी दोन सुंदर, जुने शब्द आहेत. वरच्या स्वच्छ पाण्याला आपण चुन्याची निवळी म्हणतो आणि ढवळलेल्या पांढऱ्या पाण्याला चुन्याचे दूध. निवळी हे द्रावण आहे, दूध हे निलंबन आहे. एकाच चुन्याचा विरघळलेला भाग द्राव्य आहे आणि तरंगणारा भाग द्राव्य नाही.

आता मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या दुधात सावकाश ओतत ढवळावे. पारदर्शक निळ्याऐवजी गढूळ, आकाशी रंगाचा, जेलीसारखा अवक्षेप तयार होतो. शाळेपुरती ही अभिक्रिया अशी लिहिता येते :

CuSO4 + Ca(OH)2 → Cu(OH)2 + CaSO4

प्रत्यक्षात तांब्याची आम्लारिधर्मी सल्फेट संयुगेही त्यात बनतात, पण मुद्दा तोच राहतो. येथे नुसते मिसळणे झाले नाही, नवी संयुगे तयार झाली, आणि तांब्याची नवी संयुगे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत. काही मिनिटांपूर्वी तांबे द्राव्यात होते. आता ते निलंबित कणांत आहे. गाळून पाहिले तर निळा भाग कागदावर राहतो आणि खाली येणारे पाणी बिनरंगी असते. मोरचुदाच्या द्रावणावर केलेल्या गाळणीशी हा निकाल ताडून पाहावा.

या अभिक्रियेला १ ग्रॅम मोरचुदामागे कळीचा चुना पाव ग्रॅमहूनही कमी लागतो, तरी कृतीत चुना एकास एक घेतात. म्हणून बराचसा चुना तसाच शिल्लक राहतो. तयार झालेल्या पातेल्यात काय काय आहे ते शब्दांत मांडले तर असे होते : पाणी हा द्रावक आहे, थोडा चुना आणि थोडे कॅल्शियम सल्फेट ही द्राव्ये आहेत, त्यांचे मिळून एक विरल द्रावण आहे, त्या द्रावणात तांब्याच्या संयुगांचे आणि जादा चुन्याचे कण निलंबित आहेत, आणि हे सगळे मिळून विषमांगी मिश्रण आहे. पाचही शब्द एका वाक्यात आले आणि एकाचेही काम दुसऱ्याने केले नाही.

पाचवी पायरी : खिळ्याची परीक्षा

बागायतदारांच्या बोलण्यात "बोर्डो द्रावण" हा शब्दही ऐकू येतो. बोलण्यात तो चालून जातो, परंतु मिश्रण हाच शब्द बरोबर आहे आणि त्यामागे नुसता शब्दाचा आग्रह नाही. द्रावण असते तर एकदा ढवळून दिवसभर वापरता आले असते. विषमांगी मिश्रण असल्याने फवारणी चालू असताना ते सतत ढवळावे लागते. नाहीतर पहिल्या पंपात पातळ पाणी जाते आणि शेवटच्या पंपात गाळ जातो. नोझल अडकतात ते वेगळेच. करून ठेवलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत, कारण अवक्षेपाचे कण मोठे होतात आणि पानाला चिकटून राहण्याचा गुण कमी होतो.

तांबे द्राव्य म्हणून शिल्लक राहिले आहे का, हे पाहण्याची जुनी परीक्षा अगदी सोपी आहे. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिश्रणात काही मिनिटे बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला, तर पाण्यात तांब्याचे आयन अजून विरघळलेले आहेत आणि लोह त्यांना विस्थापित करत आहे असे समजावे. असे मिश्रण फवारले तर कोवळी पाने करपतात, म्हणून चुन्याचे दूध आणखी घालून परीक्षा पुन्हा करावी. थर चढला नाही आणि तांबडा लिटमस कागद निळा झाला, तर मिश्रण वापरण्याजोगे आहे. चुना जुना असेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा चुनखडीसारखा निष्क्रिय भाग झाला असेल, तर नेमके वजन करूनही मिश्रण या परीक्षेत उतरत नाही, आणि तेव्हा प्रमाणापेक्षा खिळ्यावर विश्वास ठेवावा. मोरचूद लोखंडी बादलीत का विरघळवत नाहीत याचेही कारण हेच विस्थापन आहे : बादली झिजते आणि द्रावणातले तांबे बादलीला चिकटून बसते.

वर्गातला प्रयोग संपल्यावर उरलेले मिश्रण ओढ्यात किंवा मत्स्यटाकीजवळ ओतू नये, कारण तांब्याची संयुगे जलचरांना फार घातक असतात. गाळ बाजूला बसू द्यावा आणि शाळेच्या ठरलेल्या रासायनिक कचऱ्यात टाकावा.

दुसऱ्या पुस्तकांतले शब्द

शेवटी एक अडचण उरते. शालेय पाठ्यपुस्तकांत द्राव्य, द्रावक, द्रावण असे शब्द आहेत, पण मराठी विश्वकोशात आणि जुन्या महाविद्यालयीन पुस्तकांत विद्राव, विद्रावक, विद्राव्यता असे शब्द आढळतात. तिथला विद्राव म्हणजे आपले द्रावण. दोन्ही पद्धती स्वतःपुरत्या सुसंगत आहेत, पण एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नयेत. खतांच्या पिशवीवरचा "विद्राव्य खत" हा शब्द तेवढा लक्षात ठेवावा, कारण तिथे विद्राव्य हे गुणाचे नाव आहे : विरघळू शकणारे. पिशवीतले कोरडे खत विद्राव्य आहे, पण ते अजून द्राव्य नाही. ठिबकच्या टाकीत पाण्यात विरघळल्यावर ते द्राव्य होते.

हिंदी माध्यमातले व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांनी आणखी काळजी घ्यावी. हिंदीत द्राव्याला विलेय, द्रावकाला विलायक, द्रावणाला विलयन आणि संयुगाला यौगिक म्हणतात. मराठी उत्तरात यौगिक लिहिले तर वाचणाऱ्याला योगासने आठवतात. विलयन हा शब्द मराठीत संस्थानांच्या विलीनीकरणाच्या संदर्भात ओळखीचा आहे, द्रावणाच्या नव्हे. व्हिडिओ पाहावा, पण वहीत उतरवताना प्रत्येक शब्दाच्या जागी आपल्या पुस्तकातला शब्द लिहून मगच पुढे जावे. मोरचुदाचा प्रयोग हाताने केलेला असेल, तर त्या वेळी कोणता शब्द कोणत्या भांड्यासाठी वापरला होता ते आठवून ही अदलाबदल अचूक करता येते.